शब्दांविना आलेलं चित्र

आज एका चित्राची गोष्ट सांगते. आपल्यातल्या चटणी करणाऱ्या एका गटाने मला फोनवर फोटो पाठवला. वहीच्या पानावर निळ्या पेनाने काढलेलं उखळ-मुसळ, शेजारी पाच मिरच्या, मागे किरणं फाकलेला सूर्य. सोबत एक शब्द नाही. पाऊच छापायला द्यायचा दिवस जवळ आला होता, तेव्हा मी घाईने उत्तर दिलं, "लाल आणि पिवळा रंग घ्या, उठून दिसेल."

दुसऱ्या दिवशी गटाच्या अध्यक्ष ताईंचा फोन आला. "ताई, रंगाचं राहू दे. आमचं नावच ठरत नाहीये." मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसले होते.

मग मी तोच फोटो पुन्हा नीट पाहिला. उखळाखाली एक लांबट चौकोन आखलेला होता आणि तो रिकामा होता. नाव अडलंय, हे चित्रच सांगत होतं. असंच इतर खुणांचं असतं. एकच रेघ तीनचारदा गिरवली असेल तर आकार जमत नाहीये. दोन चित्रं शेजारी असतील तर निवड करून हवीये. रंगीत खडूने भरलं असेल तर रंगाचं मत हवंय. तरी अंदाजावर थांबू नका. एक प्रश्न विचारा, "ताई, यात तुमचं काय अडलंय?"

समजा, सगळंच अडलं असेल, तर आधी नाव, मग आकार, शेवटी रंग. कारण नाव लहान की मोठं, यावर चित्राला किती जागा उरते ते ठरतं. आणि आकार ठरल्याशिवाय रंग कुठे भरायचा?

या गटाला 'शुद्ध चटणी' हे नाव आवडलं होतं. पण ते मालाचं वर्णन झालं, ओळख नाही. शेजारच्या गावची चटणीही शुद्धच असते! नुसत्या वर्णनाच्या शब्दाची ट्रेडमार्क नोंदणी सहसा मिळत नाही. आपल्याला आवडलेलं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. मसाले आणि चटण्या वर्ग ३० मध्ये येतात, तिथे शोधायचं. गटाने शेवटी आपल्या शिवारातल्या टेकडीचं नाव घेतलं. तीन अक्षरांचं, तोंडात बसणारं. शोधून पाहिलं, त्या वर्गात कुणाचं नव्हतं.

मग आकार. इथे "छान आहे" म्हणून उपयोग नाही. काय दिसलं ते सांगायचं. मी म्हटलं, "मला आधी सूर्य दिसला, उखळ नंतर." ताई म्हणाल्या, "पण आम्ही तर चटणी विकतो!" सूर्य काढायचा, हे त्यांनीच ठरवलं. मग फोटो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा केला आणि हात लांब करून पाहिला. पाच मिरच्यांचा एक गोळा दिसत होता. छापताना बारीक, जवळजवळच्या रेघांमध्ये शाई भरते आणि असाच गोळा होतो. म्हणून एकच मिरची ठेवली. ट्रेसिंग पेपर ठेवून काळ्या जाड स्केचपेनने चित्र पुन्हा गिरवलं. दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता, फोन कागदावर सरळ धरून फोटो काढला आणि डीटीपीवाल्याला दिला. त्याच्याकडून तयार फाईल मागून गटाकडे जपून ठेवली, म्हणजे दरवेळी नवं काम नको.

रंग सगळ्यात शेवटी. आधी काळ्या-पांढऱ्यात चित्र ओळखू येतंय का पाहिलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. गटाने मिरचीला लाल आणि बाकी सगळ्याला गडद तपकिरी, असे दोनच रंग घेतले. एक जण म्हणाली, नावाशेजारी हिरवा ठिपका देऊ. तो नको म्हटलं. पाकिटावर शाकाहाराची खूण हिरव्या चौकटीतल्या हिरव्या ठिपक्याची असते. आपला ठिपका तिच्यासारखा दिसला तर गिऱ्हाईक गोंधळतं.

आता तुम्ही चित्र पाठवाल तेव्हा सोबत तीन गोष्टी लिहा: हे कशावर छापायचंय, नाव ठरलंय का, आणि मत कशावर हवंय. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवा. आणि दुसऱ्या गटाचं नुसतं चित्र तुमच्याकडे आलं, तर माझ्यासारखी रंगाची घाई करू नका. आधी रिकामा चौकोन कुठे आहे का, ते बघा.