रांजणाची कड घासा



उद्या सकाळी मैंदर्गीत मुलांची प्रभातफेरी आहे. आपला अक्कलकोट तालुका कमी पावसाचा. पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. पण उघड्या रांजणातल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. त्या तापानं माणूस दगावतोही.

हा डास रांजणाच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण कोरडा करायचा.

नुसतं पाणी ओतून चालत नाही. सुकलेली अंडी कित्येक महिने जगतात. पाणी भरलं की ती पुन्हा फुटतात. म्हणून कड घासायची. ते घासलेलं पाणी कोरड्या मातीवर ओतायचं.

साठवलेलं पाणी मात्र फेकू नका. फडक्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. फडक्यात वळवळत्या अळ्या दिसतील. त्या उन्हात मातीवर झटका. मोठा हौद रिकामा होत नसेल, तर त्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात.

आम्ही हे गाणं केलं आहे. पहिली ओळ एकानं म्हणावी. दुसरी सगळ्या मुलांनी ओरडावी.

घरात बघा, दारात बघा,
— रांजण, माठ, हौद बघा!

डास होतो किती दिसांत?
— आठ दिसांत, दहा दिसांत!

पाणी ओतलं, अंडी राहिली,
— कड घासली, तेव्हा गेली!

रांजण वाळला, पाणी भरा,
— झाकण लावा, घट्ट करा!

फेरी दाराशी आली, की आयाबायांनो, रांजणात एकदा डोकावून बघा.