तरोट्याचा कोणता फोटो निवडावा?

मराठी विकिपीडिया म्हणजे मोबाईलवर फुकट वाचता येणारा, आपल्यासारख्यांनीच लिहिलेला ज्ञानकोश. त्यात तरोट्याच्या लेखासाठी फोटो द्यायचा असं आमच्या गटानं ठरवलं. कुणी त्याला टाकळाही म्हणतात. चौघींनी चार फोटो आणले. निवडायचा होता एकच.

पहिला होता ओंजळीतल्या भाजीचा. मागे फुलाफुलांचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. फोटो गोड, पण पान कुठं संपतं आणि लुगडं कुठं सुरू होतं तेच कळेना. दुसरा फोटो दिवस बुडताना काढलेला. तरोटा संध्याकाळी पानं मिटून घेतो, त्यामुळं झाड सुकल्यासारखं दिसत होतं. ज्यानं तरोटा कधी पाहिलाच नाही, त्याला तो तसाच असतो असं वाटायचं.

तिसऱ्यावर खरा वाद झाला. पिवळं फूल अगदी जवळून, पाकळीची शीर न् शीर दिसत होती. बहुतेकींचं मत त्यालाच. मग एक आजी म्हणाल्या, "अवो, हे तर कासविंद्याचंही असू शकते!" बरोबरच होतं. कासविंद्यालाही असंच पिवळं फूल येतं, आणि त्याच्या बिया खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावल्याची नोंद आहे. दोन्ही ओळखायची ती पानांवरून. तरोट्याच्या एका देठावर बहुधा पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानाचं टोक गोल असतं. कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोक अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकडी. फोटोत हे दिसत नसेल, तर तो कितीही सुंदर असो, उपयोगाचा नाही.

चौथा फोटो साधाच होता. धुऱ्यावरचं झाड, पानं उघडी, फूल आणि शेंग एकाच फांदीवर. पण मागे सोयाबीन, म्हणजे हिरव्यात हिरवं. म्हणून भादव्यात सकाळी, ढगाळ उजेडात आम्ही पुन्हा गेलो. झाड उपटलं नाही, कारण उपटलं की पानं माना टाकतात. दोघींनी मागे राखाडी चादर धरली, तिसरीनं वाऱ्यानं हलणारा बुडखा धरला. मोबाईलमध्ये झूम न करता आम्हीच जवळ गेलो, पडद्यावर पानाला बोट लावलं, नेम स्पष्ट झाल्यावर फोटो घेतला. रंग भडक करायचा मोह आवरला.

नंतर तो फोटो काडेपेटीएवढा लहान करून पाहिला, कारण लेखात आधी तेवढाच दिसतो. तरी झाड ओळखू आलं. मोठा केला, तर पानांच्या जोड्या मोजता आल्या. तोच आम्ही दिला. आता आषाढात खुडायच्या कोवळ्या भाजीचा दुसरा फोटो हवा आहे. तो या खेपेला लुगड्यावर नाही, रिकाम्या सुपात ठेवून काढू.