वाहिनी कोणाच्या हाती?

आमच्या भाईंदर स्टेशनाबाहेरच्या पेपरवाल्याला मी एकदा सहज विचारले, “का हो, हा पेपर कोणाचा?” त्याने चटकन संपादकाचे नाव सांगितले. आपणही बहुधा हेच उत्तर देऊ. पण संपादक पुष्कळदा पगारी असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचे नाव असते आणि तो कोणत्या कंपनीसाठी छापतो, तेही असते. शोध सुरू करायचा तो त्या कंपनीपासून.

दूरचित्रवाणीचेही तसेच. 2008 साली ‘आयबीएन लोकमत’ ही मराठी वाहिनी निघाली. नाव ऐकून वाटे, ही लोकमत वृत्तपत्राचीच. पण ती चालवणाऱ्या कंपनीत निम्मा वाटा लोकमत समूहाचा होता आणि निम्मा दिल्लीकडच्या ‘नेटवर्क18’ समूहाचा. हे कसे कळते? प्रत्येक कंपनीला वर्षाकाठी एक विवरणपत्र सरकारच्या कंपनी निबंधकाकडे भरावे लागते. त्यात भागधारकांची नावे असतात, आणि थोडी फी भरली की ते कोणालाही पाहता येते. भागधारक म्हणून पुन्हा एखादी कंपनीच निघाली, तर तिचे विवरण काढायचे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर काम सोपे. मोठ्या भागधारकांची यादी तिला दर तिमाहीला जाहीर करावीच लागते, आणि ती फुकट पाहता येते.

इतके केले की वाटते, शोध संपला. पण इथेच माणूस फसतो, बरे का! नेटवर्क18 समूहाच्या संस्थापकाच्या कंपन्यांना 2012 साली पैसा मिळाला तो ‘इंडिपेंडंट मीडिया ट्रस्ट’ नावाच्या विश्वस्त निधीकडून, आणि या निधीची एकमेव लाभार्थी होती रिलायन्स इंडस्ट्रीज. पैसा दिला तो कर्जरोख्यांवर. मात्र हे रोखे साधे नव्हते. घेणाऱ्याने मनात आणले तर त्यांचे शेअर करून घेता येत. म्हणजे भागधारकांच्या यादीत नाव जुन्याच मालकाचे, आणि चावी मात्र सावकाराच्या खिशात. आपल्याकडे शेत गहाण पडले तरी सातबाऱ्यावर कूळ-मालकाचे नाव राहते ना, तसेच काहीसे. 2014 साली रिलायन्सने त्या निधीला समूहाचा ताबा घेण्यासाठी पैसा पुरवला, रोख्यांचे शेअर झाले आणि संस्थापक बाहेर पडले. मराठी वाहिनीतला तो निम्मा वाटाही त्याबरोबर गेला. पडद्यावरचे नाव मात्र लगेच बदलले नाही.

म्हणून मी भागधारकांची यादी पाहिली की ताळेबंदाखालच्या टिपाही वाचतो. ‘परिवर्तनीय कर्जरोखे’ हे शब्द दिसले की कर्ज कोणी दिले ते पाहायचे, आणि देणारी कंपनी असेल तर तिचेही विवरण काढायचे. विश्वस्त निधी निघाला तर मात्र वाट अवघड होते. त्याचा लाभार्थी कोण, हे भागधारकांच्या यादीत सापडेलच असे नाही. मी सांगितलेल्या प्रकरणात रिलायन्सनेच ते जाहीर केले, म्हणून ते कळले.