नव्या पाटीखालचा मालक



दोन कंपन्या एक झाल्याची बातमी आली की कामगार पहिला प्रश्न विचारतो, "आता आपला मालक कोण?" दारावरची पाटी पाहून तो उत्तर शोधतो. पण उत्तर पाटीवर नसते. ते विलीनीकरणाच्या योजनेत, एका लहानशा वाक्यात असते. बाजारात त्याला स्वॅप रेशो म्हणतात. आपण त्याला भागांच्या अदलाबदलीचे प्रमाण म्हणू. ते वाचायला चौथीचे गणित पुरते.

उदाहरण चित्रपटगृहांचे घेतो. पीव्हीआर आणि आयनॉक्स लेझर या दोन कंपन्यांनी मार्च 2022 मध्ये एकत्र येण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते अमलात आले. आयनॉक्स पीव्हीआरमध्ये विलीन झाली. प्रमाण ठरले असे: आयनॉक्सचे 10 भाग ज्याच्याकडे असतील, त्याला पीव्हीआरचे 3 भाग मिळतील.

दहाचे तीन! ऐकणाऱ्याला वाटते, आयनॉक्सवाले बुडाले. पण भाग हे काही शेर-पायलीसारखे ठरलेले माप नव्हे. घोषणेच्या आधी पीव्हीआरचा एक भाग सुमारे 1,830 रुपयांना आणि आयनॉक्सचा सुमारे 470 रुपयांना जात होता. म्हणजे 4,700 रुपयांचे कागद देऊन त्या दिवसाच्या भावाने सुमारे 5,500 रुपयांचे कागद मिळत होते. तेव्हा नुसते प्रमाण पाहून कोण जिंकले, कोण हरले हे सांगता येत नाही. त्याला भागांच्या संख्येने गुणावे लागते.

ते गुणू या. आयनॉक्सचे सुमारे 12 कोटी 23 लाख भाग होते. दहाला तीन या हिशेबाने त्यांच्यासाठी पीव्हीआरने सुमारे 3 कोटी 67 लाख नवे भाग काढायचे होते. पीव्हीआरचे आधीचे भाग सुमारे 6 कोटी 10 लाख. बेरीज झाली 9 कोटी 77 लाख. या बेरजेत नव्या भागांचा हिस्सा किती? शेकडा साडेसदतीस. उरलेले साडेबासष्ट जुन्या पीव्हीआरच्या भागधारकांचे. सगळा हिशेब एवढाच: नवे भाग भागिले जुने अधिक नवे.

आता एक पायरी खाली उतरा, कारण "भागधारक" हा एक माणूस नव्हे. पीव्हीआरच्या प्रवर्तक कुटुंबाकडे आपल्या कंपनीचे सुमारे 17 टक्के भाग होते. साडेबासष्टातले सतरा टक्के काढा, साडेदहाच्या आसपास येतात. जाहीर झालेला आकडा 10.62 होता. आयनॉक्सच्या प्रवर्तकांकडे आपल्या कंपनीचे सुमारे 44 टक्के होते. साडेसदतीसातले चव्वेचाळीस टक्के काढा. जाहीर आकडा 16.66.

पाहा गंमत! विलीन झाली आयनॉक्स, टिकली पीव्हीआर. पण विलीन झालेल्या घराचा वाटा टिकलेल्या घराहून मोठा ठरला. पीव्हीआरच्या प्रवर्तकांनी या व्यवहारात एकही भाग विकला नाही, तरी त्यांचा हिस्सा सतरावरून साडेदहावर आला. त्यांचे भाग होते तेवढेच राहिले, पण एकूण भाग वाढले.

मग मालक कोण? दोन्ही घरांचे मिळून 27.28 टक्के झाले. बाकीचे सुमारे 73 टक्के म्युच्युअल फंड, परदेशी संस्था आणि किरकोळ भागधारक यांच्यात विखुरलेले. कायद्याने विशेष ठराव मंजूर व्हायला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणून पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग हाती असणारा असा ठराव खात्रीने अडवू शकतो. ही खात्री दोघांपैकी एकाही घराला एकट्याने मिळाली नाही. दोघे मिळूनच ती मिळत होती. एकमेकांना धरून राहण्याचे कारण या हिशेबातच होते.

पण प्रमाण मालकी दाखवते, कारभार दाखवत नाही. ठरलेल्या योजनेत संचालक मंडळ दहा जणांचे, आणि वाटे असमान असूनही दोन्ही घरांना दोन-दोन जागा होत्या. पीव्हीआरचे अजय बिजली व्यवस्थापकीय संचालक, आणि आयनॉक्सचे पवनकुमार जैन अकार्यकारी अध्यक्ष. म्हणजे मोठा वाटा एकाकडे, रोजचा कारभार दुसऱ्याकडे. असे करार प्रमाणात उमटत नाहीत. ते योजनेत निराळे वाचावे लागतात.

हे कागद गुप्त नसतात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 232 व्या कलमानुसार भागधारकांपुढे मूल्यांकनाचा अहवाल ठेवावा लागतो, आणि प्रवर्तक व इतर भागधारक यांच्यावर होणारा परिणाम, अदलाबदलीच्या प्रमाणासह, सांगावा लागतो. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत विलीनीकरणापूर्वीची आणि नंतरची भागधारणा शेजारी-शेजारी छापलेली मिळते. युनियनच्या चिटणिसाने वाटाघाटीला जाण्यापूर्वी ते पान काढावे, आणि त्यावर तीन आकडे लिहावेत: जुने भाग किती, नवे भाग किती, आणि नव्यातले सर्वांत मोठे गाठोडे कोणाच्या हाती. चौथी ओळ संचालकांच्या जागांची. या चार ओळी हाती असल्या, म्हणजे समोर बसलेला माणूस स्वतःच्या अधिकाराने बोलतो आहे की दुसऱ्या कोणाला विचारून उत्तर देणार आहे, याचा अंदाज पहिल्याच बैठकीत येतो.