मीटरवर आकडा येत नाही तेव्हा

खजूर खाल्ल्यावर अम्मीचं बोट टोचलं आणि मीटरवर HI आलं, तर घाबरू नका. बहुतेक मीटरवर HI म्हणजे साखर ६००च्या वर. पण बोटाला चिकटलेला गोडवाही आकडा चढवतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून नवी पट्टी लावा. पुन्हा HI आलं, तर अंदाजाने इन्सुलिन वाढवू नका. लगेच दवाखाना गाठा.

LO म्हणजे बहुतेक मीटरवर २०च्या खाली. इथे फेरतपासणीत वेळ घालवू नका. ती शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी तपासा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका. १०८ला फोन करा.

Er आलं, तर साखर किती हे मीटरला कळलेलंच नाही. रक्त कमी पडलं असेल, किंवा गव्हाणच्या दमट हवेत डबी उघडी राहून पट्टी खराब झाली असेल. नवी पट्टी घ्या. मात्र घाम, थरथर असेल, तर साखर आधी, मीटर नंतर.