खंडित दैनंदिनीचा पुनरारंभ
(शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांनी केव्हा ना केव्हा खाजगी दैनंदिनी लिहिण्यास आरंभ केलेला असतो आणि पुष्कळांची ती मध्येच थांबलेली असते. बदली होते, घरात आजारपण येते, एखादे माणूस जाते. आठवड्याचा महिना होतो आणि महिन्याची वर्षे होतात. पुढे ती वही हाती आली की लिहिण्याऐवजी आपण ती पुन्हा कपाटात ठेवतो, कारण गेलेल्या वर्षांचा हिशेब दिल्यावाचून पुढचे पान लिहिण्याचा आपणास अधिकार नाही, असे वाटते. ही अडचण कशी दूर होते, एवढाच आजचा विषय आहे.

हा संकोच शिक्षकास अधिक का वाटावा, याचे कारण आपल्या कामात आहे. हजेरीपटातील रिकामा रकाना हा दोष ठरतो, टाचणवहीतील कोरे पान तपासणीत दिसते. ते योग्यच आहे, कारण ती कागदपत्रे शाळेची असतात आणि त्यांचा जाब देणे आपले कर्तव्य असते. पण खाजगी दैनंदिनीला तपासनीस नसतो. सरकारी दप्तराचा नियम आपण नकळत तिला लावतो, आणि कोरी पाने आपणास आरोपपत्रासारखी वाटू लागतात.

या बाबतीत एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील प्रख्यात लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १८९७ साली, लहान वयातच, दैनंदिनी लिहावयास घेतली. मध्यंतरी ती खंडित झाली. १९१५ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा नेमाने आरंभ केला. परंतु फेब्रुवारीच्या मध्यास ते लिखाण थांबले आणि लवकरच गंभीर मानसिक आजाराने त्यांना ग्रासले. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे त्यांच्या दैनंदिनीत एक ओळही नाही. ३ ऑगस्ट १९१७ रोजी, ससेक्स परगण्यातील ॲशम येथील घरी, एका लहानशा वहीत त्या पुन्हा लिहू लागल्या.

त्या दिवशी त्यांनी काय लिहिले असेल? आजाराची हकीकत नाही, गेलेल्या वर्षांबद्दल खेद नाही, यापुढे नियमितपणे लिहीन अशी प्रतिज्ञाही नाही. आपण येथे आलो, पाऊस थांबला, गडी भिंत दुरुस्त करीत आहेत, धुराड्यात मधमाश्या आहेत, अशा मोजक्या गोष्टींची ती नोंद आहे. पुढील कित्येक आठवडे असेच चालले. रानातील अळंबी, फुलपाखरे, अंड्यांचा भाव, महायुद्धाचे दिवस असल्याने शेतावर राबणारे जर्मन युद्धकैदी, एवढेच विषय, आणि तेही दोनचार ओळींत. पृथक्करण नाही, मनाची उलघाल नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. मन अद्याप नाजूक असताना पेलेल एवढाच भार त्या वहीवर घातलेला दिसतो.

यानंतरचा टप्पा त्याच वर्षीच्या ८ ऑक्टोबरचा. लंडनजवळील रिचमंड येथील घरी कपाटातील एका लाकडी पेटीत १९१५ ची अर्धवट दैनंदिनी त्यांना सापडली. ती वाचून त्यांना हसू आले, आणि त्या आनंदातच त्यांनी विस्तृत दैनंदिनी पुन्हा सुरू केली. चहा झाल्यावर लिहावयाचे, अशी वेळही ठरविली. मार्च १९४१ मध्ये, मृत्यूच्या अवघ्या चार दिवस आधीपर्यंत, लहानमोठे खंड पडूनही ते लिखाण चालले. १९१५ पासूनचे ते लिखाण पुढे पाच खंडांत प्रसिद्ध झाले. रिकाम्या अडीच वर्षांमुळे त्याचे मोल उणे झाले नाही.

या उदाहरणातून हाती येणारी रीत आपल्या परिस्थितीत कशी वापरावी ते पाहू. समजा, एका शिक्षिकेची वही चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत थांबली आहे आणि तिला जून महिन्यात पुन्हा लिहावयाचे आहे. प्रथम तिने आजची तारीख घालावी. जुन्या वहीत पाने उरली असतील तर शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढून तेथूनच पुढे लिहावे. मधल्या काळासाठी पाने राखून ठेवू नयेत. राखलेली कोरी पाने रोज खुणावतात आणि भरली तर कधीच जात नाहीत. जुनी वही पाहूनच मन कष्टी होत असेल तर खुशाल नवी घ्यावी.

मग पहिली नोंद. ती अशी असू शकेल : ‘सकाळी पावसाची मोठी सर आली. पटावर २७, हजर १९. पेरणी सुरू असल्याने मोठी मुले शेतावर गेली आहेत. दुसरीतील एका मुलीने आज प्रथमच जोडाक्षर अडखळल्यावाचून वाचले.’ एवढे लिहून थांबावे. आणखी लिहावेसे वाटले तरी पहिले काही दिवस पाच ओळींची मर्यादा पाळावी. कारण पुनरारंभ बहुधा दुसऱ्या दिवशीच मोडतो : पहिल्या रात्री उत्साहाने दहा पाने लिहिली जातात, दुसऱ्या रात्री तेवढे बळ नसते आणि थोडे लिहिणे कमीपणाचे वाटते.

आता गेलेल्या वर्षांचे काय करावे? तारखा घालून ती वर्षे मागाहून भरू नयेत. दैनंदिनीचे मोल असे की, घडले आणि लिहिले यांत फारसे अंतर नसते. पुढे काय होणार हे लिहिणारास ठाऊक नसते. चार वर्षांनंतर आठवून लिहिलेल्या मजकुरावर जुनी तारीख घातली तर तो ना धड दैनंदिनी राहतो, ना प्रामाणिक आठवण. परंतु मधल्या काळातील एखादी गोष्ट, वडिलांचे शेवटचे आजारपण म्हणा, लिहिल्यावाचून राहवत नसेल, तर आजच्या तारखेखाली ‘आठवण’ असा मथळा देऊन ती लिहावी. आज ती कशी आठवते, हीही आजचीच हकीकत आहे. मात्र हे काम पहिल्या दिवसांत करू नये. वुल्फ यांच्याप्रमाणे आधी पाऊस, भिंत आणि मधमाश्या यांनी हात स्थिर होऊ द्यावा.

गाडी पुन्हा रुळावरून घसरत असल्याची एक खूण सांगतो. नोंदींचा आरंभ ‘काल लिहिता आले नाही’ अशा वाक्याने होऊ लागला की समजावे, दैनंदिनीचा पुन्हा हजेरीपट होत आहे. ते वाक्य गाळून थेट आजच्या गोष्टीने आरंभ करावा. दोन तारखांमधील अंतर वाचणारास आपोआप दिसतेच. एखादे दुःख इतके ताजे असेल की वही उघडताच अस्वस्थता वाढते, तर वही मिटून ठेवावी. त्या वेळी न लिहिणे हाच विश्राम असतो, आणि जवळच्या माणसाशी बोलणे किंवा वैद्याचा सल्ला घेणे अधिक हितावह असते.

बंधुभगिनींनो, जी वर्षे लिहिली गेली नाहीत ती आपण जगलो आहोत. वहीत नसली म्हणून ती वाया गेली असे होत नाही. आज रात्री वही काढणार असाल तर आजची तारीख घाला आणि आज वर्गात जे पाहिले त्यातील एकच गोष्ट लिहा. इतके सांगून मी आपली रजा घेतो.