अंगावरचं दूध सोडवल्यानंतरचे सहा-आठ आठवडे

बाळाला अंगावर कसं पाजायचं, हे आपल्याला बाळंतपणात दहा जणी सांगतात. पण ते सोडवल्यावर आईच्या शरीरात काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईची हकिगत आहे. तिच्या परवानगीनं सांगतो, नाव मात्र सांगत नाही.

तिची मुलगी सव्वा वर्षाची होती. दिवसरात्र मिळून सहा वेळा प्यायची. ताईला द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला जायचं होतं. मग घरच्यांनी आपल्याकडची नेहमीची रीत केली. मुलीला पाच दिवस आजोळी ठेवलं आणि दूध एकदम बंद केलं.

दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. शेजारणीनं सांगितलं म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली, वरून गरम पाण्याची पिशवी धरली. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि एका बाजूला लालभडक चट्टा उठला. सकाळी आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दूध साचून छातीला सूज आली होती. डॉक्टरांनी पट्टी काढायला लावली, गोळ्या दिल्या आणि सगळ्या संपवायला सांगितलं.

असं का झालं? आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाळ चोखायला लागलं की ती प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात सोडते. हा रस दूध तयार करायला लावतो. बाळ जितक्या वेळा पितं, तितका तो जास्त राहतो. पाजणं थांबलं की तो उतरायला लागतो, पण उतरायला काही दिवस, काही आठवडे लागतात. छातीला मात्र पहिल्याच दिवशी कळत नाही की आता बाळ येणार नाही. ती नेहमीच्या सवयीनं दूध करत राहते आणि ते आत साचतं.

म्हणून एक वेळचं पाजणं सोडायचं, तीन ते सात दिवस थांबायचं, छाती हलकी वाटली की पुढची वेळ सोडायची. आधी दुपारचं सोडा. त्या वेळी मूल खेळात असतं, त्याला वाटीत दुसरं काही देता येतं. रात्रीचं आणि झोपतानाचं शेवटी. सहा वेळा पिणाऱ्या मुलाला असे चार-सहा आठवडे लागतात. कामाला जायचं असेल, तर सुरुवात महिना-दीड महिना आधी करायला हवी. आणि सगळं सोडायलाच पाहिजे असंही नाही. कामावरून आल्यावर रात्री पाजत राहिलं तरी चालतं. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजावं, असंच आरोग्य खातं सांगतं.

मधल्या काळात छाती ताठली तर हातानं थोडं दूध काढा, पण ताण कमी होईल एवढंच. पूर्ण रिकामी केली तर शरीराला वाटतं की बाळ प्यायलं, आणि ते पुन्हा तेवढंच दूध करतं. थोडं भरलेपण राहिलं की दूध आपोआप कमी होतं. शेक गरम नको, थंड हवा. ओला गार कपडा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चोळी आधार देणारी असावी, आवळणारी नको. पाणी पिणं कमी करू नका, त्यानं दूध आटत नाही. दूध आटवायची गोळी दुकानातून परस्पर आणू नका.

लाल चट्टा, ताप, हुडहुडी आली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. नाहीतर आत पू होतो. अशा वेळी बाळ पीत असेल तर त्याला त्या बाजूचं दूध बाधत नाही. एखादी गाठ दोन आठवड्यांत विरघळली नाही किंवा बोंडातून रक्त आलं, तर तेही दाखवायचं.

ताप उतरला, मुलगी घरी आली. पण दुसऱ्या आठवड्यात ताईला काही सुचेना. विनाकारण रडू यायचं, रात्री झोप नाही, मुलीवर ओरडायची आणि मग स्वतःलाच बोल लावायची. सासूबाईंना वाटलं, नजर लागली. नजर नव्हती. प्रोलॅक्टिन एकदम उतरलं, पाजताना मन शांत करणारा दुसरा रस असतो तोही कमी झाला. काही बायकांचं मन या बदलानं खाली जातं. सगळ्यांचं जात नाही. पण दूध अचानक तोडलं असेल किंवा आधी कधी उदासीचा त्रास झाला असेल, तर जपायला हवं. बहुतेकींना हे दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. ताईच्या सासूबाईंनी रात्री मुलीला आपल्याजवळ घेतलं, ताईला झोप मिळाली, आणि हळूहळू ती सावरली.

दोन आठवड्यांनंतरही उदासी हलली नाही, जेवण-झोप गेली, तर आरोग्य केंद्रात सांगा. जीव द्यावा किंवा मुलाला काही करावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, एकटं राहू नका. सरकारचा टेलिमानस फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या : एक चार चार एक सहा, १४४१६.

आता पाळी. ताईला बाळंतपणापासून पाळी आलेली नव्हती. प्रोलॅक्टिन जास्त असलं की बीज तयार होत नाही, म्हणून पाळी थांबते. ते उतरलं की बीज पुन्हा तयार होतं. इथं लक्ष द्या : बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहत नाहीत, हा भरवसा पहिल्या सहा महिन्यांपुरताच, तोही पाळी आलेली नसेल आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल तर. म्हणून दूध सोडवायला लागण्याआधीच तांबी, निरोध किंवा अंतरा इंजेक्शन याबद्दल नर्सताईंशी बोला.

ताईनं काही वापरलं नव्हतं. सहा आठवडे झाले, पाळी नाही. आशाताईंनी निश्चय किटवर लघवी तपासली. दिवस गेले नव्हते. आठव्या आठवड्यात पाळी आली, नेहमीपेक्षा जास्त आणि दुखरी. पुढची चाळीस दिवसांनी. पहिल्या दोन-तीन पाळ्या अशा मागेपुढे होतात. पण तासाला एक पॅड भिजत असेल, रक्तस्राव आठ दिवसांवर गेला, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटची एक गोष्ट. दाबल्यावर दुधाचे दोन-चार थेंब काही महिने येतात, त्याला घाबरू नका. राहिलंय का म्हणून रोज दाबून मात्र पाहू नका, त्यानं दूध रेंगाळतं. पण बऱ्याच महिन्यांनी दूध आपोआप गळतंय, पाळी नाही, डोकं दुखतं किंवा कडेचं नीट दिसत नाही, असं असेल तर रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासून घ्यायला हवं.

ताईची धाकटी जाऊ आता तिच्या मुलाचं दूध सोडवतेय. दुपारचं सुटलं, आता सकाळचं सोडायचंय. घाई नाही, असं ताईच तिला सांगते.